राउंड रॉबिन असूनही अवघड तिकिटं एकाच्याच रांगेत का साचतात?

प्रश्न: आम्ही सहा जण एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या ईमेल सपोर्टला आहोत. लीड म्हणतात राउंड रॉबिन लावलंय, सगळ्यांना सारखीच तिकिटं जातात. पण माझ्याकडे कायम जीएसटीची किचकट तिकिटं आणि शेजारच्याकडे पासवर्ड रीसेट. मला आणि अजून एकाला जीएसटीचं स्किल दिलेलं आहे. सिस्टीम नक्की कसं ठरवते? की कुणी मुद्दाम करतंय?

उत्तर:

मुद्दाम होत असेल तर ते तिकिटाच्या नोंदीत दिसतं. ते कसं बघायचं हे पुढे सांगतो. पण अशा डेस्कांची मांडणी मी बरीच वर्षं करतोय आणि माझा अनुभव असा की लीडचं म्हणणं आणि तुमची तक्रार एकाच वेळी खरी असते. राउंड रॉबिन फक्त पाळी सारखी ठेवतं. त्या पाळीला काय आलं आणि त्याला किती वेळ लागला, हे ते बघतच नाही. पत्ते वाटणारा प्रत्येकाला एकेक पान देत जातो, तसंच. फरक इतकाच की तुमच्याकडे पत्त्यांचे दोन जोड वाटले जातायत, साधा जोड सहा जणांत आणि जीएसटीचा दोघांत, आणि तुम्ही दोन्ही डावांत बसलेले आहात.

तुमच्या सिस्टीमची सेटिंग मला दिसत नाहीत, त्यामुळे खालच्यातलं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. फ्रेशडेस्क, झेनडेस्क, सेल्सफोर्स या प्रत्येकात नावं आणि बारकावे वेगळे आहेत. पण तिकीट माणसापर्यंत ज्या क्रमाने पोचतं तो क्रम जवळपास सगळीकडे एकच आहे. तो एकदा समजला की तुमच्या डेस्कवर गाठ कुठे पडलीय हे तुम्हालाच सापडेल.

एक तिकीट घेऊन बघू. सोमवारी सकाळी १०:४२ ला एका दुकानदाराचा ईमेल येतो: "पासवर्ड विसरलोय, लवकर द्या, आज जीएसटी रिटर्न भरायचं आहे." सिस्टीम पहिल्यांदा नियमांची यादी वरून खाली वाचते. बऱ्याच ठिकाणी जो नियम आधी जुळतो तोच लागतो आणि खालचे नियम वाचलेच जात नाहीत. समजा यादीत वरती असा नियम आहे की मजकुरात 'जीएसटी' किंवा 'GST' आलं की जीएसटी स्किल लावायचं, आणि 'पासवर्ड'चा नियम त्याच्या खाली आहे. मग या तिकिटावर जीएसटीचा शिक्का बसला. काम पासवर्डचंच आहे, पण ते आता सहा जणांचं राहिलं नाही, तुम्हा दोघांचं झालं.

यानंतर सिस्टीम त्या स्किलच्या माणसांची यादी काढते: तुम्ही आणि तुमचा तो दुसरा सहकारी. मग या यादीतून आत्ता उपलब्ध कोण आहे ते बघते. सहकारी चहाला गेलाय आणि त्याने स्वतःला 'अनुपलब्ध' करून ठेवलंय, म्हणून तो यादीतून गळला. पुढे क्षमता तपासली जाते, म्हणजे कुणाच्या नावावर आधीच ठरलेल्या मर्यादेइतकी उघडी तिकिटं आहेत का. तुमच्याकडे एक जागा शिल्लक आहे. या सगळ्या चाळण्या झाल्यावर, अगदी शेवटी, उरलेल्यांमध्ये पाळी कुणाची हा प्रश्न येतो. इथे उरलेत फक्त तुम्ही. पाळी बघायची वेळच आली नाही, तरी रिपोर्टमध्ये लिहिलं जाणार 'राउंड रॉबिनने दिलं'.

म्हणून मी नेहमी सांगतो की पाळीकडे बघण्याआधी याद्यांकडे बघा. तुमच्या रांगेत काय येणार हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: तुमचं नाव किती याद्यांत आहे, आणि त्या प्रत्येक यादीत तुमच्यासोबत किती जण आहेत. पाळीचा नियम त्यानंतर येतो.

आता हिशोब करून बघू. आकडे मी सोयीसाठी धरतोय, तुम्ही तुमचे घाला. दिवसाला १२६ तिकिटं येतात. त्यातली ३६ जीएसटीची, प्रत्येकी साधारण २० मिनिटांची. उरलेली ९० साधी, प्रत्येकी ८ मिनिटांची. साधी सहाही जणांना जातात, जीएसटीची फक्त दोघांना. दोन्ही याद्यांमध्ये राउंड रॉबिन अगदी चोख चालतंय.

साध्यांचा वाटा प्रत्येकी १५. जीएसटीचा वाटा तुम्हा दोघांना प्रत्येकी १८. म्हणजे तुम्हाला ३३ तिकिटं आणि ४८० मिनिटं, सरळ आठ तास. बाकी चौघांना १५ तिकिटं आणि १२० मिनिटं, दोन तास. एकाही पाळीत गडबड झालेली नाही. दोन याद्यांचे दोन पाळी-काटे वेगवेगळे फिरतायत आणि एका काट्याला दुसऱ्याने तुम्हाला किती दिलंय याचा पत्ताच नाही, इतकंच.

इथे लीडला पहिला उपाय सुचतो तो हा की तिकिटांची एकूण संख्या सारखी करू. तसं केलं तर प्रत्येकी २१ तिकिटं. तुम्हा दोघांकडे १८ जीएसटी आणि ३ साधी, म्हणजे ३८४ मिनिटं. बाकीच्यांकडे २१ साधी, १६८ मिनिटं. आता रिपोर्टमध्ये सगळे आकडे एकसारखे दिसतात आणि तरीही तुमचं काम त्यांच्या दुपटीहून जास्त आहे. तुमचे लीड "सारखीच जातात" म्हणताना बहुधा असाच एखादा संख्येचा तक्ता बघत असतील. त्यांच्या तक्त्यात चूक नाही, फक्त त्यात मिनिटांचा रकाना नाही.

दुसरा उपाय म्हणजे तुम्हा दोघांना साध्या यादीतून पूर्ण काढायचं. मग तुमच्याकडे ३६० मिनिटं आणि इतरांकडे सरासरी १८०. दिलासा मिळतो, पण प्रमाण दुपटीवरच अडकतं, कारण ७२० मिनिटांचं जीएसटीचं काम दोनच माणसांत वाटायचं आहे. पाळीचा नियम कितीही हुशार लावला तरी या दोघांना ३६० च्या खाली नेता येत नाही. पाळीचा प्रश्न इथे संपतो आणि यादीचा सुरू होतो.

आता तिसऱ्या एकाला जीएसटी शिकवून यादीत घ्या. ७२० मिनिटं तिघांत, प्रत्येकी २४०. साधी ९० तिकिटं उरलेल्या तिघांत, प्रत्येकी ३०, म्हणजे पुन्हा २४० मिनिटं. सहाही जण समान. पण संख्या बघा: जीएसटीवाल्यांकडे दिवसाला १२ आणि साध्यावाल्यांकडे ३०. महिनाअखेरीच्या तक्त्यात कुणीतरी विचारणारच की हे तिघे अर्ध्याहूनही कमी तिकिटं का करतात. म्हणून हा बदल मागताना मोजमाप मिनिटांत किंवा वजनात करण्याची मागणीही त्याच दिवशी करा. मी डेस्क लावतो तेव्हा साध्याला १ आणि जीएसटीला २.५ असं वजन धरायला सांगतो, कारण २० भागिले ८ म्हणजे २.५. सिस्टीममध्ये वजनाची सोय नसली तरी रिपोर्टच्या शीटमध्ये एक रकाना वाढवायला काहीच लागत नाही.

स्किलच्या याद्यांमध्ये आणखी एक सापळा आहे. एकाच तिकिटाला दोन स्किल लागली की बहुतेक सिस्टीम ती दोन्ही असलेला माणूस शोधतात. समजा पाच जणांना 'मराठी' स्किल आहे आणि दोघांना 'जीएसटी'. सोलापूरच्या एखाद्या दुकानदाराने मराठीतून जीएसटीचा प्रश्न पाठवला तर त्याला पात्र कोण? ज्यांच्याकडे दोन्ही आहे तेच. तुमचा सहकारी मराठी नसेल तर या यादीत तुम्ही एकटेच. मराठीची यादी पाचांची, जीएसटीची दोघांची, सेटिंगच्या पानावर दोन्ही ठीकठाक दिसतात, आणि दोघींची जिथे गाठ पडते तिथे एकच माणूस उभा असतो. ही एकट्याची यादी कुठल्याही पानावर वेगळी दिसत नाही, ती तुम्हालाच माणसं आणि स्किल यांचा तक्ता मांडून शोधावी लागते.

यावर चांगला तोडगा म्हणजे स्किलमध्ये सक्तीचं आणि ऐच्छिक असा भेद करणं. जीएसटी सक्तीचं, मराठी ऐच्छिक. ठरावीक वेळ मराठी जाणणाऱ्या जीएसटीवाल्याची वाट बघायची, तो मोकळा झाला नाही तर मराठीची अट सोडून दुसऱ्या जीएसटीवाल्याला द्यायचं. सेल्सफोर्सच्या ओम्नी-चॅनेलमध्ये जास्तीची स्किल ठरावीक वेळाने गळू देण्याची सोय आहे. ईमेल असेल तर तो सहकारी हिंदीतून उत्तर देऊ शकतो किंवा भाषेपुरती तुमची मदत घेऊ शकतो. अट कधीच सुटणार नसेल तर दोनच परिणाम होतात: तिकीट तुमच्या रांगेत पडतं, किंवा तुम्ही रजेवर असाल तर ते कुणाच्याच रांगेत न जाता लटकत राहतं. तुम्ही रजेवरून परत आलात की पहिल्याच सकाळी ढीग कोसळत असेल तर या एकट्याच्या यादीचा संशय घ्या.

आता पाळीकडे येऊ, कारण 'राउंड रॉबिन' या एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी चालतात.

सरळ प्रकार म्हणजे काटा. मागचं तिकीट कुणाला गेलं ते लक्षात ठेवायचं आणि पुढचं यादीतल्या पुढच्याला द्यायचं. पुढचा अनुपलब्ध असेल तर त्याला ओलांडून जायचं. ओलांडलेली पाळी नंतर भरून मिळते का? बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा 'अनुपलब्ध' होणाऱ्या माणसाची तिकिटं आपोआप कमी होतात आणि ती उरलेल्यांत जातात. सहा जणांच्या यादीत हे फारसं जाणवत नाही. दोघांच्या यादीत मात्र एकाने अर्धा तास बटण बंद ठेवलं की त्या अर्ध्या तासाचं सगळं जीएसटी दुसऱ्याच्या नावावर.

दुसरा प्रकार जुगाडाचा, पण अजून बऱ्याच ठिकाणी सापडतो. सिस्टीममध्ये खरी पाळी नसते, म्हणून तिकीट क्रमांकावर सूत्र लावलेलं असतं:

```
MOD(ticket_number, 6) + 1
```

क्रमांकाला ६ ने भागून उरलेल्या बाकीत १ मिळवायचा. उत्तर १ ते ६ येतं आणि प्रत्येक आकड्याला एक माणूस नेमलेला. याला उपलब्धता कळत नाही, रजेवरच्या माणसालाही तिकीट जातच राहतं. दुसरं म्हणजे क्रमांक कशाकशावर खर्च होतात याच्याशी सगळा निकाल बांधलेला असतो. एक उदाहरण सांगतो. ग्राहकाच्या प्रत्येक ईमेलला 'आपला संदेश मिळाला' असं स्वयंचलित उत्तर जातं आणि ते चुकून परत सपोर्टच्याच पत्त्यावर येऊन नवं तिकीट उघडतं. मग खऱ्या तिकिटांचे क्रमांक विषम आणि कचऱ्याचे सम, असं ओळीने होत राहतं. विषम क्रमांकाची बाकी १, ३ किंवा ५, म्हणजे उत्तर २, ४ किंवा ६. खरी तिकिटं फक्त दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या माणसाला जातात, उरलेल्या तिघांकडे आपोआप बंद होणारा कचरा. संख्या मोजली तर सगळ्यांची अगदी समान! खरा ईमेल आणि कचरा यांची जोडी रोज इतकी नेमकी जमत नाही, पण एखाद्या टीममध्ये तीनच जण सतत दमलेले दिसले तर यादीतले त्यांचे क्रम बघायला विसरू नका.

तिसरा प्रकार खरं तर राउंड रॉबिन नव्हेच, पण बोलताना तेच नाव घेतात. यात पाळी नसते, ओझं बघितलं जातं. सेल्सफोर्समध्ये याचे दोन पर्याय आहेत. एकात ज्याच्याकडे सर्वांत कमी उघडं काम आहे त्याला मिळतं. दुसऱ्यात ज्याची क्षमता सर्वांत जास्त शिल्लक आहे त्याला. दोन्ही ऐकायला एकच वाटतात, पण निकाल उलटा येऊ शकतो. समजा तुमची क्षमता १० ठेवलीय आणि ६ तिकिटं उघडी आहेत. शेजाऱ्याची क्षमता ५ आणि ३ उघडी. पहिल्या पर्यायात पुढचं तिकीट शेजाऱ्याला, कारण ३ हे ६ पेक्षा कमी. दुसऱ्यात ते तुम्हाला, कारण तुमच्या ४ जागा शिल्लक आणि त्याच्या २. तुम्ही जुने आणि अनुभवी म्हणून कधीतरी कुणीतरी तुमची क्षमता १० केली असेल तर त्या एका आकड्याने दिवसभर काम तुमच्याकडे वळत राहतं. स्वतःच्या प्रोफाइलमधला हा आकडा किती आहे ते अ‍ॅडमिनला आवर्जून विचारा.

ओझं बघून वाटण्यात जो भरभर बंद करतो त्याची रांग लवकर मोकळी होते आणि त्याला लगेच पुढचं मिळतं. ही त्या पद्धतीची रचनाच आहे, ग्राहकाच्या बाजूने ती योग्यही आहे. पण 'पेंडिंग'चा हिशोब कसा धरलाय ते बघावं लागतं. ग्राहकाच्या उत्तराची वाट बघणारं तिकीट उघड्या कामात मोजत नसतील तर ते पेंडिंगला टाकलं की जागा मोकळी होते. मग संध्याकाळी चार ग्राहकांची उत्तरं एकदम आली की ती चारही तिकिटं परत मूळ माणसाकडेच उघडतात, मर्यादा भरलेली असो वा नसो. जीएसटीच्या तिकिटांत ग्राहकाकडून इनव्हॉइस मागवावं लागतं, स्क्रीनशॉट मागवावा लागतो, त्यामुळे अशा फेऱ्या जास्त. म्हणजे नवीन तिकिटांचं वाटप अगदी सारखं असलं तरी परत आलेल्यांचा भार तुमच्याकडेच जास्त, आणि परत आलेलं तिकीट पाळीच्या हिशोबात कधीच मोजलं जात नाही.

वेळेचाही एक भाग आहे आणि तो लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. तुमची शिफ्ट सकाळी नऊची असेल आणि रात्री कुणी नसेल तर रात्रीची तिकिटं कुणाच्याही नावावर न जाता थांबलेली असतात. पहिला माणूस 'उपलब्ध' झाला की सिस्टीम त्यांचं वाटप सुरू करते. तुम्ही ८:५५ ला आलात आणि बाकीचे ९:०५ ला, तर त्या दहा मिनिटांत उपलब्ध असलेले एकटे तुम्हीच. क्षमतेची मर्यादा असेल तर ती भरेपर्यंत आणि नसेल तर सगळीच तुमच्याकडे. यावर उपाय सोपा आहे: वाटप सव्वानऊला सुरू करायचं, किंवा लॉगिन केल्यावर सव्वानऊपर्यंत सगळ्यांनी बटण बंद ठेवायचं. लवकर येणाऱ्या माणसाची रांग कायम लांब दिसत असेल तर त्याच्या कामाच्या गतीवर बोट ठेवण्याआधी हे तपासावं.

आतापर्यंत आपण एकच प्रश्न बघितला: तिकीट आलंय, ते कुणाला द्यायचं. पण डेस्क भरलेलं असतं तेव्हा प्रश्न उलटा होतो: माणूस मोकळा झालाय, त्याला थांबलेल्यांपैकी कोणतं द्यायचं. कॉल सेंटरवाले हा भेद फार पूर्वीपासून पाळतात. अवायाच्या सिस्टीममध्ये प्रत्येक स्किलला १ ते १६ अशी पातळी देतात, १ म्हणजे सर्वांत वरची. माणसं मोकळी असतील तेव्हा एका पद्धतीत कॉल वरच्या पातळीच्या माणसाला जातो आणि त्या पातळीत जो सर्वांत जास्त वेळ रिकामा आहे त्याला. दुसऱ्या पद्धतीत पातळी न बघता फक्त सर्वांत जास्त वेळ रिकामा कोण ते बघतात. पहिल्या पद्धतीत ग्राहकाला तज्ज्ञ मिळतो, पण तज्ज्ञाला उसंत मिळत नाही, कारण तो मोकळा झाला रे झाला की पुढचा कॉल त्याच्याकडेच. कॉल थांबलेले असतील तेव्हा मोकळ्या माणसाला त्याच्या वरच्या पातळीच्या स्किलमधला कॉल आधी द्यायचा की ज्याची गरज जास्त आहे तो, हेही वेगळं ठरवावं लागतं.

तुमच्या ईमेल डेस्कवर हा दुसरा प्रश्न बहुधा कुणी सोडवलेलाच नसेल, कारण तिकीट आलं की लगेच कुणाच्या तरी नावावर टाकून मोकळं व्हायचं असा खाक्या असतो. त्यामुळे दुपारी बाराला तुमच्या रांगेत नऊ जीएसटी आणि सात साधी पडलेली असतात आणि शेजारी मोकळा बसलेला असतो, पण ती सात साधी त्याच्याकडे जात नाहीत, कारण ती सकाळीच तुमच्या नावावर लागलेली आहेत. पाळीने दिलेलं तिकीट आपण होऊन परत जात नाही. म्हणून तिकीट आल्या आल्या नावावर टाकण्यापेक्षा प्रत्येकाला एका वेळी चार-पाचच द्यावीत आणि बाकीची सामाईक रांगेत ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे. आणि दोन्ही याद्यांत असलेल्या माणसासाठी क्रम असा ठेवावा की जागा मोकळी झाली की आधी जीएसटी, जीएसटी काही थांबलेलं नसेल तरच साधं. साधं काम सहाही जण करू शकतात, जीएसटीचं दोघंच, मग त्या दोघांच्या जागा साध्या कामाने भरून टाकण्यात काही अर्थ नाही.

आता तुमच्या प्रश्नातला "मुद्दाम" हा भाग. मागच्या चार आठवड्यांच्या सगळ्या टीमच्या तिकिटांची नोंद अ‍ॅडमिनकडून शीटमध्ये मागवा. रकाने एवढेच पुरे: तिकीट कधी आलं, पहिल्यांदा कुणाच्या नावावर गेलं, ते कुणी टाकलं, कोणतं स्किल लागलं, आणि नंतर किती वेळा हात बदलला. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे नियमाचं किंवा सिस्टीमचं नाव असेल तर वाटप यंत्राने केलंय. माणसाचं नाव असेल तर हाताने. हाताने टाकलेली वेगळी काढा आणि ती कुणाकडून कुणाकडे गेली ते मोजा. बऱ्याचदा असं निघतं की लीडने काही टाकलेलं नाही, पण शेजारचे सहकारी "हे तुझ्याकडचं आहे" म्हणून तिकीट तुमच्याकडे वळवतायत, आणि पहिल्या वाटपाच्या रिपोर्टमध्ये ते त्यांच्याच खात्यावर मोजलं जातंय. हा हात बदलण्याचा आकडा मोठा निघाला तर तुमचा मुख्य त्रास राउंड रॉबिनचा नाहीच.

यंत्राने दिलेली जी तिकिटं उरतील त्यातली जीएसटी शिक्क्याची वीस-पंचवीस उघडून वाचा. खरोखर जीएसटीची किती आणि नुसता शब्द आल्यामुळे पकडलेली किती? पकडलेली बरीच असतील तर सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती तिथेच आहे: 'पासवर्ड' आणि 'लॉगिन'चे नियम जीएसटीच्या वर सरकवायचे. ना प्रशिक्षण लागतं, ना माणूस. फक्त उलटी बाजूही तपासा, नाहीतर "लॉगिन केल्यावर जीएसटीची रक्कम दोनदा दिसते" असं खरं जीएसटीचं तिकीट साध्या यादीत जाऊन दोन दिवस फिरत राहील.

लीडशी बोलताना "मला जास्त येतं" असं म्हणू नका, त्यावर ते संख्येचा तक्ता पुढे करतील आणि बोलणं तिथेच थांबेल. त्यापेक्षा एक नेमकी मागणी ठेवा. शीटमध्ये जीएसटीच्या तिकिटांना २.५ वजन देऊन सहा जणांची बेरीज दाखवा आणि म्हणा की जीएसटीच्या यादीत तिसरं नाव घालूया, तोवर आम्हा दोघांना साध्या यादीतून काढूया. वजन तुमच्या डेस्कवरच्या खऱ्या वेळेवरून काढा, माझ्या २० आणि ८ वरून नको. तिसऱ्या माणसाला सुरुवातीला जीएसटीचं तिकीट सोडवायला तुमच्याहून जास्त वेळ लागेल, त्यामुळे पहिले काही आठवडे त्याची क्षमता कमी ठेवा, नाहीतर ओझं बघणारी सिस्टीम त्याला सारखंच भरत राहील आणि त्याची अडलेली तिकिटं घेऊन तो तुमच्याकडेच येईल.

बदल केल्यावर निकाल मोजायचा तो पूर्ण महिन्याचा. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते. तुमच्याकडे जीएसटीची तिकिटं या तारखांच्या आधीच्या तीन-चार दिवसांत चढत असणार. २२ ते ३० या दिवसांत मोजलं तर दोघांची यादीसुद्धा पुरेशी वाटेल. १७ ते २० मध्ये मोजलं तर तिघांचीही अपुरी. या दिवसांसाठी चौथ्या कुणाला तरी फक्त सोप्या जीएसटी प्रश्नांचं खालच्या पातळीचं स्किल देऊन ठेवता येतं, म्हणजे वरचे तिघे भरले की ओघ त्याच्याकडे वळेल आणि एरवी तो साध्याच यादीत राहील. पातळीची सोय नसेल तर लीडने १७ ला ते स्किल हाताने लावायचं आणि २१ ला काढायचं. काढायची आठवण कॅलेंडरमध्ये लावून ठेवायला सांगा, कारण एकदा लावलेलं स्किल काढायचं राहून जातं आणि मग तीन महिन्यांनी तोच माणूस इथे येऊन तुमचाच प्रश्न विचारतो.